जलोदरात दोन घासांतच पोट का भरते?

लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णाच्या घरी जेवणाच्या वेळी जवळजवळ रोज एकच संवाद होतो. "अहो, अजून दोन घास तरी खा." "नको, पोट भरलं." ताटातली अर्धी पोळी तशीच राहते. घरच्यांना वाटते रुग्ण मनावर घेत नाही, किंवा चव नाही म्हणून टाळतो आहे. रुग्णाला वाटते आपल्याला कोणी समजून घेत नाही. खरे तर रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याला जठर, म्हणजे अन्नाची पिशवी, खरोखरच भरल्यासारखी वाटते. ती भरण्याआधीच 'भरली' असे सांगू लागते, आणि याचे कारण पोटात साठलेले पाणी आहे.

हा लेख त्या कारणाबद्दल आहे. भूक कमी होण्यामागे पाण्याचा दाब किती आणि इतर गोष्टी किती, हे कसे ओळखायचे आणि जेवण कसे बदलायचे, हेही यात पाहू.

पोटात पाणी येते कुठून

जठर, आतडी आणि प्लीहा यांतले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आधी ते एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जाते. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक आणि गाठीगाठींचे होते. रक्ताला त्यातून वाट मिळत नाही आणि मागच्या शिरांमध्ये दाब वाढतो. नळाच्या पुढच्या टोकाला बोट धरल्यावर पाइप मागे फुगतो, तसेच काहीसे हे आहे. या वाढलेल्या दाबामुळे रक्तातला पातळ भाग पोटाच्या पोकळीत झिरपतो.

पण एवढ्यावरच थांबत नाही. शरीराला वाटते की रक्तवाहिन्यांत पुरेसे रक्त नाही, म्हणून किडनी मीठ धरून ठेवते आणि मिठाबरोबर पाणीही. हे पाणी पुन्हा पोटात उतरते. आजारी लिव्हर अल्ब्युमिन नावाचे प्रथिनही कमी बनवते. ते रक्तात पाणी धरून ठेवण्याचे काम करते, त्यामुळे गळती आणखी वाढते. यालाच जलोदर म्हणतात. सुरुवातीला हे पाणी फक्त सोनोग्राफीत दिसते. पुढे पाच, आठ, दहा लिटरसुद्धा साठू शकते.

हे पाणी आतड्यांच्या आत नसते, आतड्यांच्या भोवती असते. म्हणून जुलाबाचे औषध घेऊन किंवा पाणी पिणे बंद करून ते कमी होत नाही. दोन्ही प्रयोग केलेले रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात आणि बहुतेक वेळा ते आणखी थकून आलेले असतात.

जठराला पसरायला जागा लागते

निरोगी माणसाचे रिकामे जठर लहान, आवळलेले असते. पहिले घास पोटात उतरताच त्याचा वरचा भाग सैल पडतो आणि पिशवी फुगते. हे आपोआप घडते. मेंदूकडून येणारी एक नस जठराच्या भिंतीला 'सैल पड' असा निरोप देते. त्यामुळे जठरात एक लिटरपेक्षाही जास्त अन्नपाणी मावते आणि आतला दाब फारसा वाढत नाही. आपल्याला आरामात दोन भाकऱ्या, भाजी, वरण, भात जातो तो या सैल पडण्यामुळेच.

आता हीच पिशवी पाण्याने भरलेल्या, तट्ट ताणलेल्या पोटात ठेवून बघा. बाहेरून पाणी दाबते आहे, पुढची भिंत ढोलासारखी ताणलेली आहे, वरचा पडदा छातीकडे ढकललेला आहे. पिशवी पसरणार कुठे? थोडेसे अन्न गेले तरी तिच्या भिंतीवर ताण येतो. ताण ओळखणाऱ्या नसा मेंदूला लगेच कळवतात की पोट भरले. मेंदू अन्न मोजत नाही, भिंतीवरचा ताण मोजतो. म्हणूनच चार घास खाऊन रुग्णाला लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखे वाटते.

यात प्लीहाही भर घालते. सिरॉसिसमध्ये ती मोठी होते आणि ती जठराच्या अगदी शेजारी, डाव्या बाजूला असते. त्यामुळे त्या बाजूनेही जागा कमी होते. वरचा पडदा ढकलला गेल्यामुळे जेवताना धाप लागते, आंबट ढेकर येतात. झोपल्यावर हे सगळे वाढते, म्हणून काही रुग्ण रात्रीचे जेवणच टाळू लागतात. लिव्हरच्या आजारात हे टाळणे सर्वांत महाग पडते. त्याबद्दल पुढे सांगतो.

दाबाचा हा मुद्दा नुसता तर्क नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात जलोदराच्या रुग्णांच्या जठराचे आकारमान पाणी काढण्याआधी आणि नंतर मोजले गेले. पाणी काढल्यावर जठराला जागा मिळाली आणि तेच रुग्ण जास्त उष्मांक घेऊ शकले. औषध बदलले नव्हते, लिव्हरही तेच होते. फक्त बाहेरचा दाब कमी झाला होता.

'जेवण जात नाही' आणि 'भूकच नाही'

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. तुमच्या डॉक्टरांना यातली नेमकी कोणती आहे हे सांगता आले, तर निम्मे काम होते.

पहिल्या प्रकारात रुग्णाला भूक लागते. वास आला की खावेसे वाटते, ताटावर बसतो, पहिले घास आवडीने खातो आणि मग अचानक अडतो. पोट तट्ट असते. सकाळी थोडे बरे जाते, संध्याकाळपर्यंत कमी होत जाते. हे मुख्यतः पाण्याच्या दाबाचे काम.

दुसऱ्या प्रकारात ताट समोर आले तरी इच्छाच नसते. अन्नाचा वास नको वाटतो, तोंड कडू किंवा बेचव लागते, मळमळते. यामागे अनेक कारणे एकत्र असतात. लिव्हरच्या आजारात शरीरात सतत थोडी सूज आणणारी रसायने फिरत असतात, ती भूक मारतात. वाढलेल्या दाबामुळे जठर आणि आतड्याची भिंत स्वतःच ओली, सुजलेली होते आणि अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. मधुमेह असेल तर जठर आणखी मंद होते. झिंक कमी झाले की चव बदलते. बद्धकोष्ठ असेल तर पोट दाटलेले राहते. आणि ते टाळण्यासाठी दिलेल्या लॅक्टुलोजच्या गोड पातळ औषधाने काहींना गॅस होतो, तोही पोट फुगवतो. त्यात अळणी जेवण. रुग्णाला मीठ बंद केले की घरातली चव निघून जाते आणि मग दोष भुकेला दिला जातो.

बहुतेक रुग्णांमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. वेगळे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पोटातले पाणी सुईने काढल्यानंतरचे दोन-तीन दिवस बघा. या दिवसांत रुग्ण आपणहून जास्त खाऊ लागला तर दाब हेच मोठे कारण होते. पोट सैल झाले, तरी ताटाकडे बघवत नसेल, तर दुसरे काहीतरी शोधले पाहिजे: पाण्याला झालेला संसर्ग, रक्तातले सोडियम घसरणे, मेंदूवर परिणाम होऊन आलेली सुस्ती, उदासी, एखादे नवीन औषध, किंवा सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये उद्भवलेली गाठ. 'पाणी काढले तरी खात नाही' हे वाक्य डॉक्टरांना जरूर सांगा. ते तक्रार वाटत असेल, पण ती महत्त्वाची माहिती आहे.

वजनकाटा इथे फसवतो

कमी खाण्याचा परिणाम इतर आजारांत लवकर दिसतो, कारण वजन उतरते. जलोदरात तसे होत नाही. स्नायू झिजून पाच किलो गेले आणि पाणी सहा किलो वाढले, तर काटा एक किलो वाढलेला दाखवतो. घरचे म्हणतात, "खात नाहीत, पण वजन तर वाढतंय." मग कोणी फारसे काळजी करत नाही.

म्हणून पोट बघू नका, दंड आणि मांड्या बघा. खांद्याची हाडे वर आली आहेत का? कानशिलाजवळ खड्डा पडला आहे का? बाटलीचे झाकण उघडायला, हाताला आधार न घेता खुर्चीतून उठायला त्रास होतो का? हे स्नायू जाण्याचे संकेत आहेत. सिरॉसिसमध्ये स्नायू फक्त ताकदीसाठी नसतात. आजारी लिव्हर जो अमोनिया साफ करू शकत नाही, त्यातला काही भाग स्नायू साफ करतात. स्नायू गेले की बेशुद्धीचा, बडबडण्याचा धोका वाढतो.

आता रात्रीच्या जेवणाबद्दल. निरोगी लिव्हर रात्रभर पुरेल एवढी साखर साठवून ठेवते. सिरॉसिसमध्ये हे कोठार जवळजवळ रिकामे असते. एका रात्रीच्या उपासात अशा रुग्णाच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाला गाठायला सुमारे तीन दिवस उपाशी राहावे लागते. कोठारात साखर नसली की शरीर स्नायू मोडून ती बनवते. संध्याकाळी सात वाजता दोन घास पेज आणि मग सकाळी नऊ वाजता चहा, म्हणजे मधले चौदा तास शरीर स्वतःचेच दंड-मांड्या खात असते.

एक उदाहरण, आकड्यांसह

ओपीडीत येणाऱ्या अनेक रुग्णांवरून बेतलेले हे एक उदाहरण आहे. पन्नाशीतले एक काका, सिरॉसिसचे निदान दोन वर्षांपूर्वी झालेले, दारू बंद. वजन ६८ किलो. पोट तट्ट, दोन्ही पायांवर सूज, दाबले की खड्डा पडतो. काकूंची तक्रार एकच: "डॉक्टर, हे काहीच खात नाहीत."

आधी खरे वजन काढायचे. ढोबळ पद्धत अशी आहे: थोडे पाणी असेल तर वजनातून ५ टक्के, मध्यम असेल तर १० टक्के आणि खूप असेल तर १५ टक्के कमी करायचे. दोन्ही पायांवर सूज असेल तर आणखी ५ टक्के. काकांचे एकूण २० टक्के वजा होतात. ६८ किलोचा पाचवा भाग साडेतेरा किलोच्या आसपास, म्हणजे खरे वजन सुमारे ५४ किलो. पाण्याचे ओझे अंगावर असलेला ५४ किलोचा माणूस ६८ किलोचा भासत होता.

अशा रुग्णाला रोज किलोमागे साधारण ३५ उष्मांक आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. काकांसाठी हे १९०० उष्मांक आणि ६५ ते ८० ग्रॅम प्रथिने होतात. ते खात काय होते? सकाळ-संध्याकाळ चहा आणि चार बिस्किटे, दुपारी एक पोळी, चमचाभर भाजी, अर्धी वाटी वरण-भात, एक केळे, अर्धा कप दूध, रात्री तांदळाची पेज. बेरीज करता उष्मांक ८०० च्या आसपास, प्रथिने जेमतेम २० ग्रॅम. 'काहीच खात नाहीत' हे काकूंचे म्हणणे चुकीचे नव्हते.

पहिले पाऊल जेवणाचे नव्हते, पाण्याचे होते. त्यांचे सात लिटर पाणी सुईने काढले. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढले की काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. काकांना ५६ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमच्या जवळपास तीन बाटल्या लागल्या. वजन ६१ किलोवर आले. त्याच संध्याकाळी त्यांनी दीड पोळी खाल्ली आणि काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. दीड पोळीचे एवढे कौतुक का, हे ज्यांच्या घरी जलोदराचा रुग्ण आहे त्यांना सांगावे लागत नाही.

'पाणी काढले की अशक्तपणा येतो' अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. त्यात थोडे तथ्य आहे. खूप पाणी काढून अल्ब्युमिन दिले नाही तर रक्तदाब घसरू शकतो, किडनीवर ताण येऊ शकतो. ते टाळण्यासाठीच अल्ब्युमिन असते. 'एकदा काढले की सारखे काढावे लागते' हेही अर्धवट खरे आहे. पाणी पुन्हा भरते ते सुई घातल्यामुळे नाही. लिव्हरमधला अडथळा आणि मीठ धरून ठेवणारी किडनी तिथेच असतात, म्हणून ते भरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि कमी मीठ यांनी ते भरण्याचा वेग कमी होतो. या गोळ्यांनी वजन हळूहळू उतरायला हवे: पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो, सूज असेल तर एक किलो, याहून वेगाने नाही. लवकर बरे वाटावे म्हणून गोळ्या स्वतःहून वाढवू नका.

दुसरे पाऊल ताटाचे. काकांना तीन जेवणे सोडून सात लहान खाणी ठरवून दिली.

सकाळी सातला कपभर दूध आणि एक-दोन खजूर. नऊला दोन उकडलेली अंडी आणि तूप लावलेली अर्धी पोळी. अकराला पन्नास ग्रॅम पनीर. एकला एक पोळी आणि अर्धी वाटी घट्ट वरण, वरून चमचाभर तूप. चारला शेंगदाणा-गुळाचा एक लाडू. सातला वाटीभर मऊ मुगाची खिचडी आणि मासळीचा एक मध्यम तुकडा. दहाला, झोपण्याआधी, दुधात शिजवलेले साखर घातलेले नाचणीचे सत्त्व.

हे सगळे मिळून सुमारे १५०० उष्मांक आणि ७० ग्रॅम प्रथिने होतात. प्रथिनांचे लक्ष्य गाठले, उष्मांक अजून कमी पडतात. पण ८०० वरून १५०० ही मोठी झेप आहे. यात कोणत्याही वेळी वाटीभरापेक्षा जास्त अन्न समोर येत नाही. कोणत्याच खाण्याला जठर ताणले जात नाही, म्हणून ते जाते. शाकाहारी घरात अंडी-मासळीच्या जागी पनीर, चक्का, घट्ट डाळ, सोयाबीन घ्या. मधुमेह असेल तर गूळ, साखर आणि खजूर यांचे प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील, पण रात्रीचे खाणे मधुमेहातही सोडायचे नाही.

रोजच्या ताटातल्या चार-दोन गोष्टी

पातळ पदार्थ जागा खातात. पेज, सार, ताक, फळांचा रस यांनी जठर भरते, हाती मात्र काही लागत नाही. घरोघरी 'आजाऱ्याला हलके' म्हणून हेच दिले जाते, आणि कावीळ झालेल्याला तर उसाचा रस आणि उकडलेले अन्न ठरलेले. जलोदरात हे उलटे पडते. पेल्याभर उसाच्या रसाने पुढच्या दोन तासांची जागा जाते आणि त्यात प्रथिने जवळपास नसतात. जेवताना पाणीही घोट-दोन घोट पुरे, बाकीचे दोन खाण्यांच्या मध्ये प्या. दिवसभराचे एकूण पाणी कमी करावे लागते ते रक्तातले सोडियम बरेच घसरले तरच, आणि ते डॉक्टर सांगतात.

लिव्हर खराब म्हणून तेल-तूप पूर्ण बंद करण्याचे कारण बहुतेक रुग्णांना नसते. उलट चमचाभर तूप म्हणजे थोड्या जागेत बरेच उष्मांक. शौच तेलकट, पांढरट, चिकट होत असेल तर मात्र विचारून घ्या.

मिठाबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. मर्यादा साधारण दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पाव, खारी, फरसाण, पापड, लोणचे यांतले लपलेले मीठही आले. ही पाच वस्तूंची यादी काढून टाकली तर घरच्या भाजीत थोडे मीठ घालता येते. पण काही घरांत मीठ पार शून्य करतात आणि मग रुग्ण जेवतच नाही. पाणी थोडे हळू भरते, स्नायू मात्र झपाट्याने जातात. हा सौदा तोट्याचा आहे. लिंबू, आमसूल, आले, जिरे, कढीपत्ता, मिरी, कोथिंबीर यांनी चव आणा. सैंधव किंवा काळे मीठ 'चालते' असे कोणी सांगितले तर ऐकू नका, तेही सोडियमच आहे. 'लो सोडियम' म्हणून मिळणारे मीठ त्याहून धोक्याचे: त्यात पोटॅशियम असते, आणि जलोदरासाठी दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळीही पोटॅशियम वाढवते. दोन्ही मिळून हृदयाची लय बिघडू शकते.

डाळ, अंडी, दूध 'डोक्यात चढतात', म्हणून बंद करायची, हा जुना सल्ला अजून ऐकू येतो. एके काळी डॉक्टरही तो देत असत. आता तो दिला जात नाही. मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णालाही प्रथिने लागतात, आणि दूध व डाळींची प्रथिने सहसा चांगली सोसतात.

जेवताना पाठ सरळ ठेवून बसा, पलंगावर रेलून नको. दोन खाण्यांत जागेपणी तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. भूक लागण्याची वाट बघू नका, घड्याळ बघा. आणि भूक लागण्याचे टॉनिक दुकानातून आणू नका. अशा काही सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असते, ते झोप आणते आणि सिरॉसिसमध्ये ही गुंगी मेंदूवरच्या परिणामासारखी दिसते किंवा तो झाकते. वेदनेसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही टाळा, त्या किडनीला आणि पाण्याला दोन्हीला वाईट.

हे सगळे करूनही आठवड्यात खाणे निम्म्यावरच राहिले, तर नाकातून बारीक नळी घालून अन्न देण्याचा पर्याय असतो. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असल्या तरी ही नळी बहुधा घालता येते. पोटाला छिद्र पाडून बसवायची नळी मात्र जलोदरात टाळतात, कारण पाणी गळते आणि संसर्ग होतो.

लगेच दवाखान्यात केव्हा जायचे

ताप, पोटभर दुखणे किंवा पोट दाबल्यावर दुखणे, नव्याने सुरू झालेली बडबड किंवा दिवसा झोप व रात्री जाग, काळे डांबरासारखे शौच, रक्ताची उलटी, लघवी खूप कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. पोटातल्या पाण्याला संसर्ग झाला असेल तर ताप नसतानाही होऊ शकतो. काही रुग्णांत त्याची एकमेव खूण असते ती म्हणजे अचानक थांबलेले खाणे. म्हणून काल वाटीभर खिचडी खाणाऱ्याने आज तोंडच बंद केले, तर त्याला 'रोजचेच' समजू नका. त्या दिवशी पोटातले पाणी सुईने काढून तपासतात. त्यात विशिष्ट पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला २५० पेक्षा जास्त आढळल्या तर लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू करतात.

पुढच्या भेटीला जाताना तीन दिवसांचे खाणे वहीत लिहून न्या: किती वाजता, काय, किती वाट्या. सोबत रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी घेतलेले वजन. काकूंच्या वहीत दहाव्या दिवशी लिहिले होते: 'रात्री दहा, नाचणी, पूर्ण वाटी.' आणि बाजूला वजन, ६० किलो. बाराव्या दिवशी ते ६३ होते. पोट पुन्हा भरू लागले होते, म्हणून त्यांना फोन करून दोन दिवस आधी बोलावता आले. पुन्हा पाणी काढले, गोळ्यांचा डोस बदलला. पाणी असे वारंवार काढावे लागू लागले, तेव्हा लिव्हर प्रत्यारोपणाच्या तपासण्यांची चर्चाही त्याच भेटीत सुरू झाली.